दहा लाखांपर्यंत मोठ्याने मोजायला किती वेळ लागतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थोडक्यात सांगा ना, किती दिवस लागतात?

न झोपता, न जेवता, न थांबता मोजलं तर साधारण एक महिना. माणसासारखं रोज आठ तास मोजलं तर कागदावर तीन महिने आणि प्रत्यक्षात साडेतीन किंवा त्याहूनही जास्त. हा हिशोब मराठीत मोजण्याचा आहे, इंग्रजीत मोजलंत तर आणखी वेळ लागेल, त्याचं कारण खाली येईलच. आकडा कुठून आला हे बघायचं असेल तर पुढे वाचा, कारण या प्रश्नात लोक चुकतात ते बहुतेक एकाच जागी चुकतात आणि ती जागा कळली की बाकीचं सगळं सोपं आहे.

पण सेकंदाला एक आकडा धरला तर साडेअकरा दिवसच होतात की?

हो, गणित बरोबर आहे. दिवसाचे ८६,४०० सेकंद, त्यामुळे दहा लाख सेकंद म्हणजे ११ दिवस, १३ तास, ४६ मिनिटं आणि ४० सेकंद. हे उत्तर सगळीकडे फिरत असतं. गडबड भागाकारात नाही, "सेकंदाला एक" या गृहीतकात आहे.

एकदा स्वतः म्हणून बघा. "सात" म्हणायला पाव सेकंद पुरतो. आता "सात लाख अठ्ठेचाळीस हजार नऊशे त्रेचाळीस" म्हणा, घाई न करता, पण रेंगाळूही नका. तीन सेकंद गेलेच. आणि दहा लाखांच्या प्रवासात तुम्हाला "सात" एकदाच एकटा भेटतो, या दुसऱ्या प्रकारचे आकडे मात्र लाखोंनी भेटतात.

लाखोंनी म्हणजे नक्की किती?

एकअंकी संख्या ९. दोनअंकी ९०. तीनअंकी ९००, चारअंकी ९,०००, पाचअंकी ९०,०००. आणि सहाअंकी तब्बल ९,००,०००. म्हणजे दर दहातल्या नऊ संख्या सहाअंकी असतात आणि प्रत्येकीच्या सुरुवातीला "अमुक लाख" लावावंच लागतं. शाळेत आपण शंभरपर्यंत पाढ्यासारखं धडाधड म्हणायचो त्यामुळे मोजणी म्हणजे काहीतरी पटापट होणारी गोष्ट असा समज डोक्यात बसलेला असतो, पण ते शंभर आकडे एकूण कामाचा दहा हजारावा भाग आहेत, आणि वेळेच्या हिशोबात तर त्याहूनही कमी.

मी शंभरपर्यंत मोजायला एक मिनिट घेतलं, त्याला दहा हजारने गुणलं, सात दिवस आले. यात काय चुकलं?

नमुना चुकीच्या जागेवरून घेतला. माझंही पहिल्यांदा हेच झालं होतं, मलाही शंभराला जवळपास बरोबर एक मिनिटच लागलं होतं आणि सात दिवसांवर माझा विश्वासही बसला होता. मग जरा पुढे जाऊन बघितलं.

माझ्या वेगाने पहिला एक हजार व्हायला साडेसतरा मिनिटं लागतात. त्यावरून दहा लाखांचा अंदाज काढला तर बारा दिवस येतात. पहिले दहा हजार पावणेपाच तासांत होतात, त्यावरून अंदाज काढला तर जवळपास वीस दिवस. पहिला लाख ५८ तासांचा, त्यावरून चोवीस दिवस. आणि सगळा हिशोब केला की साडेएकोणतीस. म्हणजे जितकं पुढे जाऊन नमुना घ्याल तितका अंदाज फुगत जातो, कारण पुढचे आकडे लांब आहेत. सुरुवातीवरून शेवट ताडायला जाल तर दर वेळी कमीच येईल, जास्त कधीच येणार नाही. आपण चुकतोय हे ओळखायची खूण पण हीच आहे, दोन वेगवेगळ्या लांबीचे नमुने घ्या, दोन्ही अंदाज जुळले नाहीत तर नमुना एकटा पुरेसा नाही.

मग बरोबर पद्धत कोणती?

आकडे मोजू नका, सिलॅबल मोजा. सिलॅबल म्हणजे उच्चारातला एकेक ठोका. "सात" एक ठोका, "सहा" दोन (स-हा), "एकोणीस" तीन (ए-को-णीस), "सत्तेचाळीस" चार (सत्-ते-चा-ळीस). आकड्याची लांबी बदलत राहते पण माणूस सेकंदाला किती ठोके बोलतो हे मात्र बऱ्यापैकी स्थिर असतं. त्यामुळे काम दोन तुकड्यांत होतं: एक, दहा लाखांपर्यंतच्या सगळ्या संख्यांमध्ये मिळून एकूण सिलॅबल किती, आणि दोन, मला एका सिलॅबलला किती वेळ लागतो. गुणाकार केला की झालं.

एकूण सिलॅबल कसे काढायचे? दहा लाख आकडे लिहून काढणार का?

अजिबात नाही. मराठी आकड्याची रचनाच मदतीला येते. कोणताही सहाअंकी आकडा चार भागांत बोलला जातो: लाख, हजार, शे, आणि शेवटचे दोन अंक. प्रत्येक भागाची सरासरी वेगळी काढायची आणि बेरीज करायची.

पहिलं काम, एक ते नव्व्याण्णवची सगळी नावं कागदावर लिहून प्रत्येकासमोर ठोके लिहायचे. हे मात्र हातानेच करावं लागतं, कारण मराठीत शंभरच्या आतल्या प्रत्येक आकड्याला जवळपास स्वतंत्र नाव आहे, नियमाने बनत नाही. माझी बेरीज २५९ आली. म्हणजे एका नावाला सरासरी २.६ च्या आसपास. ही यादी करताना एक गोष्ट लक्षात आली जी आधी कधी जाणवली नव्हती: वीसचे आणि तीसचे आकडे आखूड आहेत (बावीस, छत्तीस, दोन-दोन ठोक्यांत संपतात) पण चाळिशी, सत्तरी आणि ऐंशी भलत्याच लांब आहेत. एकवीस ते तीस मिळून २२ सिलॅबल, एक्केचाळीस ते पन्नास मिळून ३६. दीडपटीपेक्षा जास्त! पन्नाशी परत आखूड होते, बावन्न, चोपन्न, छप्पन्न.

आता भाग जोडू. शेवटचे दोन अंक: ०० पासून ९९ पर्यंतची सरासरी २.५९ (०० असताना काहीच बोलत नाही). शे: एकशे, दोनशे वगैरे दोन-दोन ठोके, सहाशे आणि नऊशे तीन-तीन, आणि दहातून एकदा काहीच नाही, त्यामुळे सरासरी बरोबर २. हजार: परत तेच २.५९ आणि वर "हजार" शब्दाचे दोन, फक्त ०० असेल तेव्हा तेही नाहीत, म्हणजे ४.५७. लाख: एक ते नऊची सरासरी १.२२ आणि "लाख" चा एक, मिळून २.२२.

शेवटचे तीन भाग सगळ्या दहा लाख संख्यांना लागू होतात, लाखाचा भाग फक्त नऊ लाख संख्यांना. गुणून बेरीज केली की १ कोटी ११ लाख ६० हजार सिलॅबल येतात. "दहा लाख" चे शेवटचे तीन आणि नुसत्या शंभरला आपण "एकशे" म्हणत नाही असले बारीक फरक यात विरघळून जातात.

एका सिलॅबलला किती वेळ लागतो ते कसं मोजलं?

मोबाईलचं स्टॉपवॉच लावलं आणि ५,४७,२०० पासून ५,४७,२९९ पर्यंत मोठ्याने मोजलं. हा पट्टा निवडायला कारण होतं. एक म्हणजे तो मधला आहे, सहाअंकी आहे, म्हणजे खऱ्या कामाचा नमुना आहे. दुसरं म्हणजे पूर्ण शंभराचा आहे, त्यामुळे शेवटच्या दोन अंकांची आखूड-लांब सगळी नावं एकदा येऊन जातात. पन्नासच आकडे घेतले असते तर चाळिशी येऊन ऐंशी सुटली असती.

यात दर आकड्याला "पाच लाख सत्तेचाळीस हजार दोनशे" हे दहा ठोके म्हणावे लागतात, शंभर वेळा, म्हणजे १,०००. वर शेवटच्या दोन अंकांचे २५९. एकूण १,२५९. मला वेळ लागला ४ मिनिटं ४८ सेकंद, म्हणजे २८८ सेकंद, मध्ये श्वास घ्यायला थांबलो तेही धरून. २८८ भागिले १,२५९ केलं की ०.२२९ सेकंद. सेकंदाला साधारण ४.४ ठोके.

आता १,११,६०,००० गुणिले ०.२२९ (मी पुढचे दशांशही धरले) म्हणजे साधारण २५.५ लाख सेकंद, म्हणजे ७०९ तास, म्हणजे साडेएकोणतीस दिवस. एका आकड्याला सरासरी अडीच सेकंदांपेक्षा किंचित जास्त.

श्वासाचा वेळ वेगळा धरायला नको का?

नको, तो त्या २८८ सेकंदांत आलेला आहे. म्हणूनच टेस्ट किमान चार-पाच मिनिटांची करा. दहा आकडे म्हणून बघितलं तर एका दमात निघून जातात आणि वेग उगाच जास्त दिसतो. मला चार-पाच आकड्यांनंतर श्वास घ्यावा लागत होता, आणि तो कुठे घेतला जातो ते बघण्यासारखं आहे: आकड्याच्या मध्ये सहसा नाही, "हजार" नंतर कधीकधी, पण बहुतेक वेळा आकडा संपल्यावर.

माझा उच्चार वेगळा आहे. "बावन्न" मी बा-वन्-न असं तीन ठोक्यांत म्हणतो/म्हणते.

चालेल. मी दोन धरले कारण भरभर बोलताना शेवटचा "न" गळतो. तुम्ही पन्नाशी आणि साठीतल्या जोडाक्षरांना पूर्ण ठोका दिलात तर एकूण सिलॅबल साधारण तीन टक्के वाढतात. पण लक्षात घ्या, तेच वाढीव ठोके तुमच्या टेस्टमध्येही मोजले जाणार, त्यामुळे एका सिलॅबलचा वेळ थोडा कमी येणार आणि शेवटच्या उत्तरात फरक आणखी कमी पडणार. फक्त टेस्टला एक उच्चार आणि बेरजेला दुसरा असं करू नका.

रोज किती तास मोजलं तर किती दिवस?

७०९ तास धरून: रोज आठ तास मोजलं तर ८९ दिवस. रोज सहा तास तर ११८. रोज दोन तास, म्हणजे नोकरी सांभाळून एखाद्याला जमेल तितकं, तर ३५५ दिवस, जवळपास वर्ष. आणि रोज एकच तास काढला तर दोन वर्षांना थोडे कमी.

पण हे सगळं ताज्या आवाजाच्या वेगाने आहे, त्याबद्दल पुढच्या उत्तरात.

दिवसभर तोच वेग राहतो का?

नाही, आणि या सगळ्या अंदाजातली सर्वात कच्ची जागा हीच आहे. म्हणून मी एक दिवस पूर्ण ५,४७,००० चा हजार म्हणून बघितला, ५,४७,९९९ पर्यंत. टेस्टच्या वेगाने ४८ मिनिटं लागायला हवी होती. लागली ५७. दोनदा पाणी प्यायलो, एकदा कुठे होतो ते विसरून मागे गेलो, आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत जीभ जड झाल्यासारखी वाटायला लागली, विशेषतः "सत्तेचाळीस" मधला "त्ते" आणि "चा" एकमेकांत घुसायला लागले, तो शब्द तोपर्यंत किमान आठशे वेळा म्हणून झाला होता. घसा कोरडा पडतो हे अपेक्षित होतं, तोंड दमतं हे नव्हतं.

म्हणजे जवळपास एकोणीस टक्के जास्त वेळ, तोही पहिल्याच तासात. ७०९ तासांत तेवढी भर घातली की साधारण ८४० तास, रोज आठ तासांनी १०५ दिवस. मी स्वतः हाच आकडा लोकांना सांगतो.

हे कोणी खरंच केलंय का?

हो. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात जेरेमी हार्पर यांनी १८ जून २००७ ला मोजायला सुरुवात केली आणि १४ सप्टेंबर २००७ ला दहा लाखांवर पोचले. दोन्ही दिवस धरून ८९ दिवस. रोज साधारण सोळा तास मोजत होते आणि हे सगळं इंटरनेटवर लाईव्ह दाखवलं जात होतं. गिनीज रेकॉर्डमध्ये त्याची नोंद आहे.

८९ दिवस आणि सोळा तास म्हणजे १,४२४ तास. एका आकड्यामागे ५.१ सेकंद. माझ्या ७०९ तासांच्या दुप्पट! हे बघून मी आधी माझीच बेरीज तपासली.

मग तुमचा अंदाज चुकला की काय?

भाषेचा फरक काढून टाकू आधी. ते इंग्रजीत मोजत होते. तीच चार भागांची युक्ती इंग्रजीला लावली तर (तिथे लाख नाही, शंभर-हजार असे भाग पडतात) एकूण १ कोटी ३२ लाख सिलॅबल येतात, मराठीपेक्षा अठरा टक्के जास्त. कारण सरळ आहे, त्यांना "हंड्रेड" हा दोन ठोक्यांचा शब्द जवळपास प्रत्येक सहाअंकी आकड्यात दोनदा म्हणावा लागतो, आपण तिथे एकदा "लाख" आणि एकदा नुसतं "शे" म्हणून मोकळे होतो, दोन्ही एकेक ठोक्याचे.

माझ्या वेगाने इंग्रजी मोजणी ८३९ तासांची झाली असती. त्यात माझा तासाभराचा थकवा मिळवला की हजार तासांच्या जवळ. उरलेले चारशे तास, म्हणजे रोजचे साडेचार ते पाच तास, हा एका तासाच्या टेस्टमध्ये आणि तीन महिने रोज सोळा तास बोलण्यामध्ये असलेला फरक आहे असं मला वाटतं. माझा तास सकाळचा होता, आवाज ताजा होता, आणि मला दुसऱ्या दिवशी परत बसायचं नव्हतं. त्यामुळे मी अंदाज असा वाचतो: ७०९ तास म्हणजे तळ, त्याखाली साध्या बोलण्यात जाता येत नाही. ८४० म्हणजे रोज बेताने मोजणाऱ्याला जमण्यासारखं. आणि रोज सोळा तास रेटलं तर तास कमी होत नाहीत, उलट वाढतात.

खूप भरभर बोललं तर?

सेकंदाला साडेसहा ठोके, श्वास धरून, असा वेग ठेवता आला तर ४७७ तास, म्हणजे न थांबता वीस दिवस. पाच मिनिटं हा वेग जमतो. पण मग आकडे ऐकणाऱ्याला वेगळे कळत नाहीत, "सदुसष्ट" आणि "अडुसष्ट" सारखेच ऐकू येतात, आणि मोजणाऱ्यालाही आपण कुठला म्हटला ते कळेनासं होतं. मोठ्याने मोजण्याचा अर्थच तो आकडा ऐकू यावा हा आहे, म्हणून मी हा वेग हिशोबात धरत नाही.

एकेक अंक वाचला तर? "पाच चार सात दोन एक तीन" असं?

लवकर होईल. एका अंकाला सरासरी १.३ ठोके ("शून्य", "सहा", "नऊ" चे दोन-दोन, बाकी एकेक), त्यामुळे एकूण ७६ लाखांच्या आत काम होतं आणि ७०९ ऐवजी ४८० च्या आसपास तास लागतात. पण मला हे मोजणं वाटत नाही, हे फोन नंबर वाचल्यासारखं आहे. अंदाज सांगताना कुठल्या पद्धतीने बोललात ते मात्र सांगा, नाहीतर दोघांचे आकडे जुळणार नाहीत आणि उगाच वाद होईल.

सगळे लाख सारख्याच वेळात होतात का?

नाही, आणि हा मला सगळ्यात आवडलेला भाग आहे. पहिला लाख ५८ तासांत होतो कारण पुढे "लाख" लावायचा नसतो. त्यानंतरचे बहुतेक लाख ७१ तासांचे. पण "सहा लाख" आणि "नऊ लाख" सुरू झाले की प्रत्येकी ७७ तास लागतात. का? कारण "सहा" आणि "नऊ" ला दोन ठोके आहेत, "पाच" किंवा "सात" ला एक. तो एक जास्तीचा ठोका लाख वेळा म्हणायचा आहे, आणि लाख गुणिले ०.२२९ म्हणजे सहा तासांहून जास्त. म्हणजे सहा या अंकाच्या नावात एक "हा" जास्त आहे म्हणून आयुष्यातले सहा तास जातात.

हजारांमध्ये तर फरक आणखी मोठा. ५,००,००० पासूनचा पहिला हजार २५ मिनिटांत होतो कारण "हजार" म्हणावंच लागत नाही. ५,२०,००० चा ३७ मिनिटं. ५,४७,००० चा ४८.

मध्ये चुकलो तर कळणार कसं?

चूक कुठे होते ते आधी. शेवटचे दोन अंक सहसा चुकत नाहीत, लक्ष तिथेच असतं. चुकतो तो शेकडा, कारण तो चार-पाच मिनिटांनी एकदाच बदलतो आणि तोपर्यंत आपोआप तोंडातून येत असतो. "तीनशे नव्व्याण्णव" नंतर "चारशे" ऐवजी थेट "पाचशे" निघून जातं, किंवा उलट "तीनशे" च परत सुरू होतं. माझ्या त्या हजारात मी सहाशे नव्व्याण्णवनंतर परत "सहाशे एक" वर गेलो होतो आणि सहाशे बारापर्यंत कळलं नाही. परत म्हटलेले आकडे फक्त वेळ खातात, पण गाळलेले शंभर आकडे म्हणजे मोजणी खोटी झाली.

दुसरी जागा "एकोण" वाले आकडे. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यांची सुरुवात सारखीच "एकोण" ने होते आणि मागे पुढच्या दशकाचं नाव येतं, त्यामुळे दमलेलं डोकं अठ्ठावन्नवरून एकोणसाठऐवजी एकोणसत्तरवर उडी मारतं आणि मग सत्तर, एक्काहत्तर असं सुरळीत चालू राहतं. ऐकताना काहीच खटकत नाही, हेच वाईट आहे.

उपाय दोन. कागदावर दहा चौकोन काढा आणि प्रत्येक शंभर संपलं की एकावर फुली, दहा झाले की हजार, नवीन कागद, आणि वर ठळक अक्षरात चालू लाख-हजार लिहून ठेवा. एकूण दहा हजार फुल्या होतात. दुसरा उपाय घड्याळ. हजाराला किती वेळ लागायला हवा हे आधी काढता येतं, वर दाखवलंय तसं. ५,४७,००० चा हजार ५७ मिनिटांच्या ऐवजी ५१ मध्ये संपला तर खूश होऊ नका, बहुतेक एक शेकडा गाळला गेलाय. मात्र त्या हजाराचाच वेळ त्याच्याशी ताडा, आधीच्या हजाराचा नाही, कारण ५,२०,००० चा हजार आपला आपणच अकरा मिनिटांनी लहान आहे. खात्रीच हवी असेल तर रेकॉर्डिंग ठेवा आणि संशय आलेला तुकडाच ऐका.

मनातल्या मनात मोजलं तर?

वेळ नक्कीच कमी लागेल, पण किती कमी ते तपासायला काही साधन नाही, कारण मनात आपण "पाच लाख सत्तेचाळीस हजार" पूर्ण म्हणतच नाही, फक्त शेवटचे दोन अंक म्हणतो आणि बाकीचं धरून चालतो. स्वतः करून बघा, दुसऱ्या मिनिटाला हे व्हायला लागतं. म्हणून प्रश्नात "मोठ्याने" हा शब्द महत्त्वाचा आहे.

कोटीपर्यंत जायचं असेल तर दहापट वेळ?

दहापटीहून जास्त, कारण परत तेच, नव्वद टक्के आकडे सातअंकी होतात आणि "सत्तेचाळीस लाख" सारखी नावं सुरू होतात. हिशोब तोच लावला की साधारण १२ कोटी ७४ लाख सिलॅबल, न थांबता ३३७ दिवस. रोज आठ तासांनी पावणेतीन वर्षं, थकवा न धरता.

आणि अब्ज?

शंभर कोटी. त्याच वेगाने, रात्रंदिवस, एकही श्वास जास्तीचा न घेता, साधारण सव्वाशे वर्षं.